पत्ता कुणी भरला?

एखाद्या ऑनलाइन दुकानात आपण पहिल्यांदाच शिरतो, मोबाइल नंबर टाकतो, ओटीपी येतो, आणि पुढच्या पानावर आपल्या घराचा पत्ता फ्लॅट नंबरासकट तयार असतो. बहुतेकांना याचं बरंच वाटतं, कारण टायपिंग वाचतं. काहीजण दचकतात, मग 'गूगलला सगळंच माहीत असतं' असं म्हणून पुढे जातात. पण या पत्त्याशी गूगलचा बहुधा काहीही संबंध नसतो. तो पत्ता आपण पूर्वी कधीतरी दुसऱ्याच कुठल्या तरी दुकानाला दिलेला असतो.

एका टिचकीत होणाऱ्या खरेदीबद्दल आपल्याकडे बोलणं होतं ते कार्डाच्या सुरक्षिततेवर. कार्डाची काळजी घ्यायलाच हवी, पण भारतात त्या बाजूचा बंदोबस्त बऱ्यापैकी झालेला आहे. पत्ता आणि मोबाइल नंबर मात्र एका दुकानातून दुसऱ्या दुकानात सहज फिरतात. कार्डाला जो नियम लावला तोच पत्त्याला लावायला हवा, असं माझं म्हणणं आहे. ते पटायचं असेल तर आधी चौकटी नेमकं कोण भरतं हे पाहावं लागेल. पडद्यावर सगळं सारखंच दिसतं, पण भरणारे वेगवेगळे असतात.

पहिला भरणारा आपला ब्राउझर. तो पानावरच्या प्रत्येक चौकटीला विचारतो की तुला काय हवंय. दुकानाचं पान नीट लिहिलेलं असेल तर उत्तर कोडमध्येच असतं:

```html
<input autocomplete="cc-number">
<input autocomplete="cc-exp">
<input autocomplete="postal-code">
```

पहिल्या चौकटीत कार्डाचा नंबर, दुसरीत कार्डाची मुदत, तिसरीत पिनकोड. हे शब्द एचटीएमएलच्या, म्हणजे वेबपानांच्या भाषेच्या, प्रमाणकात ठरलेले आहेत, त्यामुळे कुठल्याही दुकानात ते सारखेच. पण कितीतरी दुकानं ते लिहीतच नाहीत. मग ब्राउझर चौकटीचं नाव, शेजारची पाटी, आतला फिकट मजकूर यांवरून अंदाज बांधतो. अंदाज चुकला की इमारतीचं नाव आडनावाच्या जागी जाऊन बसतं. आपल्याकडच्या पत्त्यांची आणखी एक अडचण म्हणजे 'लँडमार्क'. मारुतीच्या देवळामागे, अमुक बँकेसमोर, याशिवाय कुरियरवाला पोचत नाही, आणि त्या ठरलेल्या शब्दांच्या यादीत लँडमार्कसाठी शब्दच नाही. ती चौकट त्यामुळे बरेचदा रिकामी राहते.

ब्राउझरची ही सेवा माझ्या मते सगळ्यांत प्रामाणिक आहे. माहिती आपल्या उपकरणात किंवा आपल्याच खात्यात असते, चौकटीला बोट लावल्यावर तो सुचवतो, आपण निवडल्यावरच भरतो. दुकानाला त्याआधी काही कळत नाही. ती निर्दोष आहे असं मात्र नाही. २०१७ च्या सुरुवातीला फिनलंडच्या एका डेव्हलपरने एक छोटं पान बनवून दाखवलं. त्यात दिसायला फक्त नाव आणि ईमेलच्या दोन चौकटी, पण पडद्याबाहेर ढकललेल्या आणखी चौकटी फोन नंबर आणि पत्ता मागत होत्या, आणि ब्राउझर त्याही मुकाट भरत होता. म्हणून सुचवलेली ओळ निवडण्याआधी तिच्यात काय काय आहे ते वाचावं. दुसरी मर्यादा अशी, की भरून झाल्यावर ब्राउझरची जबाबदारी संपते. चौकटीतला मजकूर त्या पानावर चालणारी कुठलीही स्क्रिप्ट वाचू शकते. २०१८ मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या पानात घुसवलेल्या २२ ओळींच्या कोडने नेमकं हेच केलं. लोक कार्डाचा नंबर भरत होते आणि त्याची एक प्रत दुसरीकडे जात होती. जवळपास चार लाख ग्राहक त्यात सापडले आणि २०२० मध्ये ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी कंपनीला दोन कोटी पौंडांचा दंड केला.

अशा चोरीवरचा एक उपाय आज बहुतेक दुकानांत असतो, फक्त तो दिसत नाही. कार्ड नंबराची चौकट दुकानाच्या पानावर दिसत असली तरी ती पेमेंट गेटवेच्या, म्हणजे दुकानासाठी पैसे स्वीकारणाऱ्या कंपनीच्या, पानाची छोटी खिडकी असते. ब्राउझर त्या खिडकीत नंबर भरतो आणि भोवतालच्या दुकानाला तो वाचता येत नाही. लॅपटॉपवर त्या चौकटीजवळच्या जागेवर उजवी टिचकी मारून क्रोमच्या यादीत 'View frame source' दिसलं, तर ती चौकट वेगळ्या पानाची आहे असं समजावं.

दुसरा भरणारा म्हणजे दुकानाकडे साठवलेलं कार्ड. इथे भारताची गोष्ट इतर देशांपेक्षा वेगळी आहे. १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानाला किंवा गेटवेला ग्राहकाच्या कार्डाचा नंबर साठवून ठेवता येत नाही. तो अधिकार फक्त कार्ड देणारी बँक आणि व्हिसा, मास्टरकार्ड, रुपे यांसारखं नेटवर्क यांना आहे. दुकानाकडे राहतं ते टोकन, म्हणजे खऱ्या नंबराऐवजी दिलेला दुसरा नंबर, आणि ओळखीपुरते शेवटचे चार आकडे. रिझर्व्ह बँकेच्या या नियमातला कळीचा भाग असा, की टोकन हे कार्ड, टोकन मागणारी कंपनी आणि दुकान या तिघांच्या जोडीला बांधलेलं असतं. माझं एकच कार्ड दोन दुकानांत साठवलेलं असेल तर टोकनं दोन. एका दुकानातून चोरलेलं टोकन दुसऱ्या दुकानात चालत नाही. टोकन बनवताना ग्राहकाची स्पष्ट संमती आणि ओटीपीसारखी पडताळणी लागते. आपलं कार्ड कुठल्या कुठल्या दुकानांत साठवलंय याची यादी दाखवण्याची आणि त्यातलं हवं ते काढून टाकण्याची सोय बँकेने द्यावी, असंही नियम सांगतो. ही यादी बहुतेकांनी कधी उघडलेली नसते. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाच्या सेटिंगमध्ये जाऊन पाहा, दोनतीन वर्षांपूर्वीचं एखादं पिझ्झाचं दुकान सापडेलही.

या नियमाची मुदत तीनदा वाढली. व्यापाऱ्यांनी ओरड केली की ग्राहक निघून जातील, धंदा बसेल. काही दिवस गैरसोय झाली, मग लोक रुळले. आज टोकन हा शब्द माहीत नसलेला माणूसही 'आरबीआयच्या नियमांनुसार कार्ड सुरक्षित ठेवा' या चौकटीवर खूण करतो. हा इतिहास लक्षात ठेवायला हवा, कारण पत्त्याबद्दल नियमाची मागणी केली की तीच ओरड पुन्हा ऐकू येणार आहे.

तिसरा भरणारा सगळ्यांत नवा, आणि माझी तक्रार आहे ती याच्याबद्दल. हा ब्राउझर नाही आणि दुकानही नाही. ही चेकआउट पुरवणारी कंपनी, जी हजारो छोट्या दुकानांना खरेदीचं शेवटचं पान तयार करून देते. परदेशात शॉपिफायचं शॉप पे किंवा स्ट्राइपचं लिंक हेच करतात. न्यू जर्सीतल्या नातेवाइकांना विचारलंत तर ते सांगतील की ईमेल टाकला, कोड आला, की कार्ड आणि पत्ता दोन्ही हजर. आपल्याकडे टोकनच्या नियमामुळे कार्ड इतक्या सहज फिरत नाही, म्हणून इथल्या कंपन्यांनी जोर लावला तो पत्त्यावर. रेझरपेचं मॅजिक चेकआउट, गोक्विक, शिपरॉकेटचं चेकआउट ही त्यांतली ठळक नावं. ग्राहकाचा पत्ता आमच्या जाळ्यातून आपोआप भरला जाईल, हे त्यांच्या विक्रीतलं उघड आश्वासन आहे. चोरूनमारून काही चाललेलं नाही. पण आश्वासन मिळतं दुकानदाराला आणि पत्ता असतो ग्राहकाचा.

एक खरेदी टप्प्याटप्प्याने पाहू. चिंचवडच्या एका बाईने येवल्याच्या एका विणकराच्या संकेतस्थळावर २,४०० रुपयांची सेमी-पैठणी पसंत केली असं समजा. दुकान तिला नवं आहे. 'आत्ता घ्या' हे बटण दाबलं की पानाखालून एक चौकट वर सरकते आणि मोबाइल नंबर मागते. नंबर टाकल्यावर ओटीपी येतो. मेसेजमध्ये लिहिलेलं असतं ते साधारण एवढंच, की लॉगिनसाठी हा तुमचा कोड आहे. ती कोड टाकते. आता पडद्यावर तीन पत्ते येतात: चिंचवडचं घर, हिंजवडीचं ऑफिस, आणि साताऱ्याचं माहेर, जिथे तिने दोन वर्षांपूर्वी आईसाठी गुडघ्याचा पट्टा मागवला होता. ती घर निवडते. मग पैसे. कार्ड निवडल्यावर या दुकानासाठी टोकन नाही, म्हणून नंबर भरावा लागतो. ब्राउझर तो भरतो, सीव्हीव्ही ती स्वतः टाकते, आणि बँकेचा ओटीपी येतो. त्यात दुकानाचं नाव आहे, २,४०० ही रक्कम आहे, आणि कोड कुणाला सांगू नका ही ताकीदही आहे.

या दोन ओटीपींची तुलना करा. दुसऱ्याने २,४०० रुपये जाणार होते, म्हणून त्यावर कुणाला, किती, हे लिहिणं सक्तीचं. पहिल्याने तीन पत्ते उघडले, त्यातला एक तर तिचा स्वतःचाही नाही, आणि त्यावर लिहिलेलं काय तर 'लॉगिन'. ते लॉगिन कुठे झालं? विणकराच्या दुकानात तिचं खातं नव्हतं. ती लॉगिन झाली एका अशा कंपनीत जिचं नाव तिने, फार तर, चौकटीच्या तळाशी बारीक अक्षरांत ओझरतं पाहिलं. त्या कंपनीकडे तिच्या पत्त्यांची वही आधीच तयार होती, कारण पट्टा विकणाऱ्या दुकानाचं चेकआउट त्याच कंपनीचं होतं.

यावर कुणी म्हणेल की ओटीपी तर तिच्याच फोनवर आला, म्हणजे तिचे पत्ते तिलाच दिसले, बिघडलं काय? पहिलं उत्तर मोबाइल नंबराच्या स्वभावात आहे. नंबर कायम एका माणसाचा राहत नाही. बंद पडलेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. बँकेत आपण नंबर बदलतो, आधारला बदलतो. पण ज्या कंपनीकडे आपली वही आहे हेच माहीत नाही, तिथे कोण बदलणार? नव्या मालकाने त्या नंबरावरून पहिली खरेदी केली की जुन्या मालकाची घरं त्याच्यापुढे येण्याची वाट मोकळी राहते. नवरा सोडून वेगळी राहणारी बाई, घर बदलून त्रास देणाऱ्यापासून दूर गेलेली मुलगी, यांच्यासाठी पत्ता हा कार्डाच्या नंबरापेक्षा जपण्याचा ऐवज आहे. कार्ड फोन करून बंद करता येतं आणि आठवड्यात नवं येतं. घर तसं बदलता येत नाही. घरातलं कुणी जुनं सिम अजून वापरत असेल, किंवा फोन घटकाभर दुसऱ्याच्या हातात असेल, तरी हाच प्रश्न येतो.

दुसरं उत्तर जरा वेगळ्या दिशेचं आहे, आणि त्यासाठी दुकानदाराच्या बाजूने पाहावं लागेल. आपल्याकडच्या छोट्या ऑनलाइन दुकानाचा सगळ्यांत मोठा शत्रू म्हणजे परत येणारं पार्सल. ग्राहक घरपोच रोख पैसे देतो म्हणतो, माल जातो, दार उघडत नाही किंवा 'आता नको' म्हणतात, आणि दुकानदाराला जाण्याचं आणि येण्याचं दोन्ही कुरियर भरावं लागतं. समजा २,४०० च्या साडीत विणकराला ४०० सुटतात आणि कुरियर एका फेरीला १०० रुपये आहे. असं एक पार्सल परत आलं की दुसऱ्या साडीचा अर्धा नफा गेला, शिवाय साडी पंधरा दिवस रस्त्यात अडकली. चेकआउट कंपन्या इथेच उपयोगी पडतात. या नंबरावरची पार्सलं पूर्वी परत आलीत का, पत्ता अर्धवट आहे का, हे त्या आपल्या जाळ्यातून पाहतात आणि धोका वाटला तर त्या ग्राहकाला रोखीचा पर्यायच दाखवत नाहीत, किंवा थोडे पैसे आगाऊ मागतात.

विणकराला ही सोय नाकारावी असं मी म्हणणार नाही. दोन पार्सलं परत आली की त्याचा महिना बिघडतो. पण ग्राहकाच्या बाजूने काय होतं ते पाहा. गावातल्या वाण्याच्या वहीत माझ्या नावापुढे काट मारलेली असेल तर निदान ती वही कुणाची हे मला ठाऊक असतं, आणि जाऊन भांडता येतं. इथे काट मारली पट्ट्याच्या दुकानात, उधारी बंद झाली साडीच्या दुकानात, आणि वही तिसऱ्याकडे. रोखीचा पर्याय नुसता दिसत नाही. त्याचं कारण कुठेही लिहिलेलं नसतं. कुरियरवाल्याने न येताच 'ग्राहक घरी नाही' असं नोंदवलं असेल, तर तो डाग माझा. हा अनुभव नवा नाही, ज्याने एकदा तरी ऑनलाइन काही मागवलंय त्याला कुरियरवाल्यांची ही सवय माहीत आहे. तेव्हा ज्या सोयीला आपण पत्ता भरून देणं म्हणतो, तिच्या पोटात माणसाची पत ठरवण्याचं कामही चाललेलं असतं. माहितीचा साठा एकच, उपयोग दोन, आणि ग्राहकाला त्यातला एकच दिसतो.

मग सोयीचं काय? पत्ता टाइप करण्याचा कंटाळा खरा आहे, आणि तो आला की लोक खरेदी अर्ध्यावर सोडतात हेही खरं. पण पत्ता भरण्याचं काम ब्राउझर आधीपासून करतो. पिनकोड, शहर, घरपत्ता या चौकटींना योग्य शब्द जोडले तर तेच तीन पत्ते ग्राहकाच्या स्वतःच्या फोनातून येतात, फुकट आणि त्रयस्थाशिवाय. यात एक खरी अडचण आहे. हल्ली छोट्या दुकानांचं बरंच गिऱ्हाईक इन्स्टाग्रामवरच्या जाहिरातीतून येतं, आणि ती जाहिरात दाबली की दुकान इन्स्टाग्रामच्या आतल्या ब्राउझरात उघडतं. क्रोममध्ये साठवलेलं तिथे सहसा हाताशी नसतं. म्हणजे जाळ्यातून पत्ता भरण्याची गरज काही वेळा असते. ती असू द्या. माझं भांडण जाळ्याशी नाही, त्याच्या गप्प राहण्याशी आहे.

कार्डाच्या टोकनने जे साधलं ते पत्त्याच्या बाबतीत साधणं अवघड नाही. टोकनमागचा विचार असा, की ग्राहकाने एका दुकानाला दिलेली परवानगी त्याच दुकानापुरती. त्याच धर्तीवर, नव्या दुकानात जुने पत्ते दाखवण्याआधी कंपनीने आपलं नाव सांगावं आणि परवानगी मागावी. नाही म्हणणाऱ्याला रिकामा फॉर्म मिळावा, आणि रिकामा फॉर्म मागितला म्हणून रोखीचा पर्याय जाऊ नये. पत्ते आधी झाकलेले दिसावेत, 'चिंचवड, ४११०…' एवढेच. खऱ्या मालकाला आपलं घर ओळखायला तेवढं पुरतं आणि नंबराच्या नव्या मालकाला त्यातून काही मिळत नाही. वर्षभर न वापरलेला पत्ता आपोआप गळावा. आणि बँकेला जशी टोकनांची यादी दाखवावी लागते तशी या कंपन्यांनीही दाखवावी: तुमचा पत्ता कुठल्या दुकानातून आला, कुठल्या दुकानांना दिला, आणि रोख नाकारली असेल तर कुठल्या नोंदीवरून.

यातलं बरंचसं कायद्यात लिहिलेलंही आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार संमती विशिष्ट उद्देशासाठी असावी लागते आणि त्या उद्देशाला लागेल तेवढ्याच माहितीपुरती. आपली माहिती आणखी कुणाकुणाला दिली हे विचारण्याचा आणि ती पुसून मागण्याचा हक्कही त्यात आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर दीड वर्षाने, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होणार. मला भीती आहे ती पळवाटेची. 'ओटीपी टाकला म्हणजे संमती दिली' असा अर्थ रूढ झाला, तर कायदा कागदावर राहील आणि चौकटीच्या तळाशी आणखी एक बारीक ओळ वाढेल. बँकेच्या ओटीपीत रक्कम आणि दुकान लिहिलं जावं हे जसं कुणीतरी ठरवलं, तसं या ओटीपीचा मजकूरही ठरवून द्यायला हवा. मी लिहायला बसलो तर तो असा लिहीन: '४५१२०९ हा कोड टाकल्यास अमुक कंपनी तुमचे साठवलेले ३ पत्ते उघडेल आणि तुम्ही निवडलेला पत्ता तमुक दुकानाला देईल. पत्ता स्वतः भरायचा असेल तर कोड टाकू नका.' एका मेसेजात बसत नसेल तर दोन पाठवावेत.